निमंत्रक कोण?



भाचीच्या लग्नपत्रिकेचे प्रूफ तपासायला माझ्याकडे आले. तारीख-वार कॅलेंडरशी जुळले, मुहूर्ताची वेळ आणि कार्यालयाचा पत्ता बरोबर होता. खटकली ती निमंत्रकांची ओळ. मुलीचे वडील हयात नाहीत, म्हणून निमंत्रक काका आणि मजकूर 'आमची पुतणी'. आईचे नाव खाली आप्तेष्टांत, तेही जुन्या पत्रिकेवरून उचललेले 'सौ.' लावून!

'सौ.'चे 'श्रीमती' लगेच झाले. पण मी म्हटले, निमंत्रकही वन्संच हव्यात. "शुभकार्यात विधवेचे नाव पुढे कशाला?" असा सूर निघालाच. ज्याचे कर्म त्याला, असे मानणारे आपण. मग आईच्या नावाने लेकीला अपशकुन कसा होईल?

शेवटी दीरच म्हणाले, "वहिनींचेच नाव घाला."

नाव बदलले की नातेही बदलावे लागते, हे मात्र विसरू नका. 'आमची पुतणी'चे 'माझी कन्या' केले, वधूच्या नावाखाली 'स्व.' लावून वडिलांचे नाव ठेवले आणि काका-काकूंना 'विनीत'मध्ये पहिले स्थान दिले. दुसरे प्रूफ वन्संनीच वाचले आणि आपल्या नावावर बराच वेळ बोट ठेवून बसल्या.