विश्लेषण : प्राप्तिकर नोटिशीचे उत्तर ‘अपलोड’ का होत नाही?

प्राप्तिकर विभागाची नोटीस आता टपालाची वाट पाहत नाही. ती पोर्टलवर येते आणि तिचे उत्तरही तिथेच द्यावे लागते. मुदतीच्या शेवटच्या रात्री सगळी कागदपत्रे हाताशी असतात, पण फाइल चढत नाही. हा बिघाड बहुतेक वेळा पोर्टलवर नव्हे, तर कागद स्कॅन करतानाच झालेला असतो.

फाइल इतकी जड कशी होते?

समजा, पुण्यातल्या एका दुकानदाराला कलम १४२(१)ची नोटीस आली आणि त्यात वर्षभराचे बँक स्टेटमेंट मागितले. त्याने बँकेतून ४० पानांची छापील प्रत आणली आणि ३०० डीपीआयवर रंगीत स्कॅन केली. अशा एका ए-४ पानात सुमारे ८७ लाख बिंदू असतात. पान एक एमबीच्या आसपास गेले, तर ४० पानांची फाइल ४० एमबीची होते. पोर्टलवर एका जोडपत्राची मर्यादा आहे ५ एमबी.

तेच पान १५० डीपीआयवर आणि कृष्णधवल छटांमध्ये, म्हणजे ‘ग्रेस्केल’ स्कॅन केले तर बिंदू एक चतुर्थांश उरतात आणि रंगांचा भारही जातो. पान १०० केबीच्या आसपास आले, की अख्खे स्टेटमेंट ४ एमबीत बसते. आकडे तरीही नीट वाचता येतात, पण पाठवण्याआधी फाइल झूम करून एकदा पाहावे.

खरे तर इथे स्कॅनची गरजच नव्हती. नेट बँकिंगमधून उतरवलेल्या पीडीएफमध्ये पानाचे चित्र नसते, अक्षरे असतात. त्यामुळे तेवढीच पाने सहसा एक एमबीच्या आत बसतात. मात्र या फाइलला अनेकदा पासवर्ड असतो. कुलूपबंद फाइल चढली तरी अधिकाऱ्याला ती उघडता येणार नाही. पासवर्ड टाकून फाइल उघडा, ‘प्रिंट’मध्ये जाऊन ‘सेव्ह अ‍ॅज पीडीएफ’ करा. नव्या प्रतीला सहसा पासवर्ड राहत नाही.

फाइल लहान असूनही नाकारली तर?

मग नाव आणि प्रकार तपासा. आयफोनचा फोटो अनेकदा एचईआयसी प्रकारचा असतो. नावाच्या शेवटी .pdf लिहिल्याने तो पीडीएफ होत नाही, त्याचे रूपांतरच करावे लागते. नावात कंस, &, # अशी चिन्हेही नकोत. तीच फाइल दोनदा उतरवली की फोन स्वतःच नावात (1) घालतो आणि ते आपल्या लक्षात येत नाही. Annexure1.pdf असे साधे नाव पुरते.

जोडण्याचा पर्यायच दिसत नसेल तर?

प्रत्येक नोटिशीचे उत्तर एकाच पद्धतीने द्यायचे नसते. कलम १४३(१)(अ)च्या सूचनेत विभागाने सुचवलेला बदल मान्य आहे की नाही, एवढेच मुख्यतः विचारलेले असते. कलम १३९(९)मध्ये विवरणपत्रातली त्रुटी दुरुस्त करायची असते, पुराव्यांचा गठ्ठा द्यायचा नसतो. तिथे जोडपत्राची जागा शोधत बसू नये. १४२(१)च्या नोटिशीत मात्र उत्तरासोबत कागद जोडण्याची सोय असते.

इथेच एक चूक महागात पडते. e-Proceedings मध्ये Submit Response निवडल्यावर Partial Response आणि Full Response असे दोन पर्याय येतात. जोडपत्रे दहापेक्षा जास्त असतील, किंवा काही कागद मागाहून द्यायचे असतील, तर Partial Response निवडायचा. आपल्या दुकानदाराकडे स्टेटमेंटसोबत खरेदी-विक्रीची बिले धरून १४ फाइल्स आहेत. त्याने आधी दहा Partial मधून पाठवाव्यात आणि उरलेल्या चार Full मधून. पहिल्याच फेरीत Full निवडले, तर उत्तर पूर्ण झाले असा त्याचा अर्थ होतो आणि एकदा पाठवलेला प्रतिसाद बदलता येत नाही.

उत्तर पोहोचलेच नाही तर काय होते?

१४२(१)च्या नोटिशीला प्रतिसाद मिळाला नाही, तर अधिकारी कलम १४४नुसार हाती असलेल्या माहितीवरून उत्पन्न ठरवू शकतो. म्हणजे खात्यात जमा झालेली रोकड विक्रीची होती, हे सांगायचे राहूनच जाते. शिवाय कलम २७२अ खाली दहा हजार रुपयांचा दंड लागू शकतो.

म्हणून ‘सबमिट’ केल्यावर ट्रॅन्झॅक्शन आयडी आला का, ते पाहावे. तो आला नसेल तर उत्तर गेले असे धरू नये. आला असेल, तर पाठवलेला प्रतिसाद पुन्हा उघडून प्रत्येक जोडपत्र उतरवून बघावे. मुदत संपायच्या आत अडचण सुटत नसेल, तर त्याच पानावरच्या Seek Adjournment मधून वाढीव मुदत मागता येते. ती देणे-न देणे अधिकाऱ्याच्या हाती आहे, त्यामुळे मागणीत कारण स्पष्ट लिहावे. चुकीचा संदेश आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवून पोर्टलच्या Grievances विभागात तक्रारही त्याच दिवशी नोंदवावी.