उघड्या मंडलातील प्रवाह

विद्युत्-मंडल कोठेही तुटलेले असेल तर त्यातून प्रवाह वाहत नाही, हे आपण शाळेत शिकतो. मीही ते वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहे. परंतु हा नियम एका अटीवर खरा आहे. ती अट आम्ही शिक्षक सांगत नाही आणि हे बरोबर नाही, असे माझे मत आहे.

मंडलाच्या एका टोकाशी झालेला बदल दुसऱ्या टोकाला पोचण्यास थोडा वेळ लागतो. हा वेळ नगण्य असेल, तरच सर्व मंडलात क्षेत्र एकदमच बदलते असे मानता येते. घरगुती विजेची कंप्रता 50 हर्ट्झ, म्हणून हवेतील तरंगलांबी 6000 किलोमीटर. तिच्यापुढे टेबलावरचे एक मीटरचे मंडल म्हणजे बिंदूच! मंडलाची लांबी तरंगलांबीच्या दशांशाहून बरीच कमी असली, तर नियम बिनदिक्कत वापरावा.

आता एक प्रयोग पाहू. 50 ओहमची 20 मीटर समाक्ष केबल घ्या. तिचे दूरचे टोक उघडे ठेवा. जवळच्या टोकाला 50 ओहम अंतर्गत रोधाचा आणि 2 व्होल्टचा चौकोनी तरंग देणारा जनित्र जोडा. कंप्रता 1000 हर्ट्झ ठेवा. केबलमध्ये तरंगाचा वेग सेकंदाला सुमारे 2 लक्ष किलोमीटर असतो, म्हणजे तरंगलांबी 200 किलोमीटर झाली. मग 20 मीटरची काय कथा, असे विद्यार्थी म्हणतो आणि फसतो.

ऑसिलोस्कोपवर जवळच्या टोकाचे विभवांतर एकदम 2 व्होल्ट होत नाही. ते प्रथम 1 व्होल्टवर थांबते आणि 200 नॅनोसेकंदांनी 2 व्होल्टवर चढते. जाऊन येऊन 40 मीटर अंतर तोडण्यास तेवढाच वेळ लागतो. तोवर पुढचे टोक उघडे आहे याची जनित्राला वार्ताच नसते! त्या काळात 50 ओहमवर 1 व्होल्ट, म्हणजे 20 मिलिअँपिअर प्रवाह केबल भारित करीत पुढे जात असतो. मंडल उघडे, तरी प्रवाह आहे. दूरचे टोक जोडून टाकले तरी पहिली पायरी 1 व्होल्टचीच दिसते. नंतर मात्र ती शून्यावर उतरते.

चूक कोठे झाली? आपण तरंग किती वेळा येतो ते पाहिले, तो किती वेगाने चढतो ते पाहिले नाही. चढण्यास 10 नॅनोसेकंद लागत असतील, तर तेवढ्यात बदल केबलमध्ये फक्त 2 मीटर पुढे जातो. चढण्याचा वेळ 2000 नॅनोसेकंद केला, की पायरी जवळजवळ नाहीशी होते आणि शाळेतला नियम पुन्हा लागू पडतो.

म्हणून पाठ्यपुस्तकात त्या नियमाशेजारी एकच वाक्य जोडावे: "बदल मंडलभर पोचण्याच्या वेळेपेक्षा पुष्कळ सावकाश होत असेल, तर."