क्रूझ स्वस्त असते म्हणे!

अलास्काच्या क्रूझची "अमुक डॉलरपासून" ही जाहिरात पाहून काकांनी आकडा चारने गुणला आणि मला फोन केला, "अगं, स्वस्त आहे की!"

काका, नाहीये. तो आकडा बिनखिडकीच्या खोलीचा, तोही खोलीत दोघं धरून माणशी. वर टिप. तिला 'ऐच्छिक' म्हणतात, पण रोज माणशी सतराएक डॉलर आपोआप बिलात चढतात, लहान पोरांच्याही नावाने! चौघांचे सात रात्रींचे झाले ४७६. बऱ्याच कंपन्यांत तर खोलीतल्या एकाने दारूचं पॅकेज घेतलं की दुसऱ्या मोठ्या माणसालाही घ्यावंच लागतं. मग तो आमच्या 'ह्यां'सारखा ताकावर जगणारा का असेना!

बाल्कनीचा हट्टही सोडा. ग्लेशियर बेमध्ये जहाज हिमनदीसमोर सावकाश वळतं, उघड्या डेकवरून सगळ्यांना सारखंच दिसतं. जुनोला मेंडेनहॉल हिमनदी बंदरापासून जेमतेम वीस किलोमीटर. जहाजाची महागडी सहल कशाला, बाहेरची बस नेते. फक्त तिला उशीर झाला तर जहाज थांबत नाही, स्वतःच्या सहलीसाठी थांबतं. म्हणून दोन तास हाताशी ठेवून परता.

तक्ता मेल केलाय, काका. काकूंनाही दाखवा.