उमऱ्याचं तिकीट आधी, लस मागाहून

मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा या पट्ट्यातल्या अनेक घरांतला मुलगा कुवेत किंवा दुबईत नोकरीला असतो. अम्मी-अब्बांच्या उमऱ्याचा व्हिसा आणि तिकीट तो तिथूनच काढतो आणि इकडे गावात फोन येतो, 'पुढच्या आठवड्यात निघायचं.' १९९५ पर्यंत मुंबईहून जेद्दाला हजची जहाजं जात, तेव्हा तयारी महिनोन्‌महिने चाले. आता ती आठवड्यावर आली आहे. मेंदूज्वराच्या लशीला मात्र आठवडा पुरत नाही.

हज कमिटीमार्फत जाणाऱ्यांची वैद्यकीय तपासणी होते आणि लसीकरण शिबिरात लस मिळते. उमऱ्याला जाणाऱ्यासाठी अशी शिबिरं नसतात. नियम त्यालाही लागू आहे, पण विमानतळावर दरवेळी कागद विचारला जातोच असं नाही. त्यामुळे 'कुणी बघत नाही' हे कानोकानी पसरतं. २०२४ मध्ये अमेरिका, फ्रान्स आणि ब्रिटनमध्ये उमऱ्याहून परतलेले यात्रेकरू आणि त्यांच्या संपर्कातली माणसं मेनिंगोकॉकल आजाराने आजारी पडली. ज्यांच्या लसीकरणाची माहिती मिळाली, त्यांनी लस घेतलेली नव्हती.

हा जंतू घशात राहतो आणि खोकल्या-शिंकेतून, जवळच्या सहवासातून पसरतो. १९८७ च्या हजनंतर त्याच्या 'ए' प्रकाराची साथ आली. त्या प्रकाराविरुद्ध लस सक्तीची झाली आणि २००० मध्ये 'डब्ल्यू' प्रकाराने तडाखा दिला. त्या वर्षी यात्रेला न गेलेले घरचेही आजारी पडले, कारण परतलेल्यांनी जंतू घशातून घरी आणला होता. म्हणून आता ए, सी, वाय आणि डब्ल्यू या चारही प्रकारांविरुद्धची लस लागते.

ती दोन जातींची असते. जुनी पॉलिसॅकराइड लस तीन वर्षं ग्राह्य धरतात, नवी कॉन्ज्युगेट पाच वर्षं. नवी घ्यावी, कारण ती घशातला जंतूही बऱ्याच अंशी रोखते. नातवंडं घरात असली तर हे महत्त्वाचं. काही कॉन्ज्युगेट लशींच्या वेष्टनावर '५५ वर्षांपर्यंत' असं लिहिलेलं असतं आणि सत्तरीच्या आजोबांना दुकानातूनच परत पाठवलं जातं. त्या मर्यादेचा अर्थ चाचण्या त्या वयापर्यंत झाल्या, एवढाच आहे. त्यापुढच्या प्रवाशांनाही डॉक्टर ही लस देतात. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगावं. बारीक सुई वापरून जागा दोन मिनिटं दाबून धरली जाते.

लस पोहोचण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, कारण शरीराला प्रतिपिंडं तयार करायला तेवढा वेळ लागतो. २० डिसेंबरला जेद्दाला उतरायचं असेल तर १० डिसेंबर ही शेवटची तारीख. पण लहान गावात ही लस फ्रीजमध्ये तयार नसते, ती मागवावी लागते, आणि २ ते ८ अंशांत आणावी लागते. म्हणून महिनाभर आधी विचारणा करावी.

घोटाळा होतो तो दाखल्यावर. समजा, एका आजींनी नोव्हेंबर २०२२ मध्ये कॉन्ज्युगेट लस घेतली आणि डिसेंबर २०२६ मध्ये त्या पुन्हा निघाल्या. लस नोव्हेंबर २०२७ पर्यंत चालायला हवी. पण दाखल्यावर नुसतं 'मेनिंजायटिस लस' असेल, जात लिहिलेली नसेल, तर सौदी नियमानुसार तो तीनच वर्षांचा धरतात, म्हणजे नोव्हेंबर २०२५ मध्येच संपलेला. नाव पासपोर्टवर आहे तसंच हवं, आणि तारीख व लशीचं पूर्ण नाव दवाखान्यातून निघतानाच तपासावं.

लस 'बी' प्रकाराला रोखत नाही, आणि यात्रेत जवळपास सगळ्यांना होणाऱ्या खोकल्यालाही नाही. फ्लूची लस वेगळी घ्यावी. दमा, मधुमेह असेल तर न्यूमोकॉकलबद्दलही विचारावं.

उन्हाळ्यातल्या यात्रेत दुसरा धोका उष्णतेचा. जून २०२४ मध्ये मक्केत पारा ५१.८ अंशांवर गेला आणि त्या हजमध्ये १,३०१ मृत्यू झाल्याचं सौदी सरकारने सांगितलं. किनाऱ्यावरच्या माणसाला घामाने भिजलेला सदरा हीच उन्हाची खूण माहीत असते. मक्केच्या कोरड्या हवेत घाम येतो तसाच उडून जातो, सदरा कोरडा राहतो, आणि वयामुळे तहानही कमी लागते. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर पाणी झपाट्याने कमी होतं. तिचा डोस निघण्यापूर्वीच डॉक्टरांशी ठरवावा, तिथे मनाने बंद करू नये. इन्सुलिन विमानात हातातल्या पिशवीत ठेवावं, उन्हात तापणाऱ्या बसमध्ये सोडू नये.

परतल्यावर दोन आठवडे लक्ष ठेवावं. ताप, तीव्र डोकेदुखी, उलट्या, गुंगी, किंवा अंगावर काचेचा पेला दाबला तरी न फिकटणारे लाल-जांभळे ठिपके दिसले, तर सकाळची वाट पाहू नये. म्हाताऱ्यांत मान ताठ होईलच असं नाही. कधी नुसतं असंबद्ध बोलणं सुरू होतं. अशा वेळी थेट मोठं रुग्णालय गाठावं आणि 'मक्केहून आलेत' हे दारातच सांगावं.