दुखण्याची गोळी आणि संध्याकाळचा पेग



मणक्याचे, गुडघ्याचे किंवा मोडलेल्या हाडाचे दुखणे साध्या पॅरासिटामॉलने आवरत नाही, तेव्हा पुष्कळदा ट्रामाडॉल लिहून दिले जाते. आपल्याकडे ते बहुधा पॅरासिटामॉलबरोबर एकाच गोळीत येते: ट्रामाडॉल साडेसदतीस मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल 325 मिलिग्रॅम. गोळीचे व्यापारी नाव निराळेच असल्यामुळे घरच्यांना वाटते की ही नेहमीची अंगदुखीचीच गोळी, थोडी जोरदार इतकेच. वस्तुतः ट्रामाडॉल हे अफूच्या गुणधर्माचे औषध आहे. खोकल्याच्या काही औषधांत असणारे कोडीन तर अफूतच सापडते आणि शरीरात गेल्यावर त्याच्या काही भागाचे मॉर्फिन होते. ट्रामाडॉलचा दुरुपयोग वाढल्यामुळे एप्रिल 2018 मध्ये केंद्र सरकारने ते अंमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आणले. पाकिटावर लाल रंगात एनआरएक्स ही अक्षरे दिसतात, ती त्यासाठीच.

या सदराचा आजचा प्रश्न असा की, या औषधांच्या जोडीला संध्याकाळी घेतलेला एखाद-दुसरा पेग खरोखर घातक ठरतो काय? मद्यपी माणसाविषयी हा प्रश्न नाही. आयुष्यभर मर्यादेने घेणाऱ्या, कधीही तोल न गेलेल्या आजोबांविषयी, आणि क्वचित आजींविषयीही, तो आहे.

धोका कोठे आहे ते आधी पाहू. आपण झोपेत असताना श्वास कोण चालू ठेवते? मेंदूच्या तळाशी, मानेच्या वरच्या बाजूस, श्वसनकेंद्र असते. रक्तात कर्बवायू साठू लागला की ते जागे होते आणि छातीला श्वास घेण्याचा हुकूम देते. अफूवर्गीय औषध या केंद्राला बधिर करते. कर्बवायू वाढला तरी त्याला लवकर जाणवत नाही. मद्य निराळ्या मार्गाने तेच करते. ते मेंदूला गुंगी आणते आणि शिवाय घशाचे स्नायू सैल करते, त्यामुळे झोपेत जीभ मागे पडून वाट अरुंद होते. म्हणजे एकाच वेळी हुकूम देणारा पेंगतो आणि रस्ताही आखडतो.

हे प्रत्यक्ष मोजून पाहिलेले आहे. नेदरलँड्समधील लायडन येथील विद्यापीठ रुग्णालयाचा एक अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 21 ते 28 वयाचे बारा तरुण आणि 66 ते 77 वयाचे बारा ज्येष्ठ होते, सर्वजण निरोगी. त्यांना ऑक्सिकोडोन या अफूवर्गीय औषधाची 20 मिलिग्रॅमची एक गोळी देण्यात आली आणि शिरेतून मोजून मद्यार्क देण्यात आला. नुसत्या गोळीने दर मिनिटाला आत-बाहेर होणारी हवा 28 टक्क्यांनी घटली. मद्यार्काची अधिक मात्रा जोडल्यावर ही घट 47 टक्क्यांपर्यंत गेली. श्वास मधूनच थांबण्याचे प्रकारही वाढले, आणि ते ज्येष्ठांमध्ये अधिक होते. ऑक्सिकोडोन ट्रामाडॉलहून बरेच प्रबळ असल्याने हे आकडे जसेच्या तसे ट्रामाडॉलला लावता येणार नाहीत. परंतु बेरीज कशी होते आणि वय कोठे आडवे येते, हे त्यातून स्पष्ट होते.

आता एका संध्याकाळचा हिशेब मांडून पाहू. पुढील उदाहरण कल्पित आहे. पण त्यातील वेळा आणि मात्रा आपल्या घराघरांतल्याच आहेत.

वय 72, वजन 58 किलो. पडून मणक्याला मार बसला आहे. वर सांगितलेली गोळी सकाळी आठ, दुपारी तीन आणि रात्री नऊ अशी तीन वेळा चालू आहे. आज चौथा दिवस. रात्री आठ वाजता आजोबा व्हिस्कीचे दोन छोटे पेग, म्हणजे 60 मिलिलिटर, घेतात. त्यात सुमारे 20 ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. वयपरत्वे शरीरातील पाणी कमी झालेले असल्याने तेवढाच मद्यार्क कमी पाण्यात विरघळतो. तरुणपणीच्या दोन पेगांपेक्षा आजचे दोन पेग रक्तात जास्त चढतात ते यामुळे. नऊच्या सुमारास त्याची पातळी लिटरमागे अर्ध्या ग्रॅमच्या जवळपास असते आणि उतरायला मध्यरात्र होते.

नऊला गोळी पोटात जाते. तिच्यातील ट्रामाडॉल दीड-दोन तासांनी रक्तात शिखरावर पोहोचते आणि यकृतात त्यापासून तयार होणारा अधिक प्रभावी अंश त्याच्याही नंतर. ट्रामाडॉलची रक्तातील मात्रा अर्धी होण्यास सुमारे सहा तास लागतात, आणि मूत्रपिंडे मंदावली असतील तर त्याहून अधिक. म्हणून दुपारच्या गोळीचा निम्मा भाग अजून अंगात आहे, सकाळचाही थोडा शिल्लक आहे. रात्री नऊनंतर आजोबांच्या शरीरात एका गोळीच्या दीड ते दोन पट औषध असते.

पावणेदहाला दिवा मालवला जातो. तोवर गप्पा, टीव्हीचा आवाज आणि खुद्द दुखणे, या साऱ्या गोष्टी मेंदूला जागे ठेवत होत्या. आता दुखणे शमले, घर शांत झाले. मद्य अजून उतरलेले नाही आणि औषध चढत आहे. दहा ते बारा हे दोन तास सर्वांत नाजूक. आणि नेमके त्याच वेळी घरचे म्हणतात, बरे झाले, आज झोप लागली.

प्रामाणिकपणे सांगायचे तर अशा बहुतेक रात्री काहीही न होता सरतात. सवय पक्की होते ती याच कारणाने. एखाद्या रात्री मात्र हिशेबात आणखी एक आकडा पडतो. खोकला झाला म्हणून कोडीनचे औषध घेतले जाते. अशा औषधात पूर्वी बहुधा क्लोरफेनिरामिन असे आणि तेही गुंगी आणते. झोपेची गोळी आधीपासून चालू असते. पायांच्या जळजळीसाठी प्रीगाबॅलिन सुरू झालेले असते. छातीत कफ भरलेला असतो. किंवा गटारी नाहीतर शिमगा असतो आणि दोनाचे तीन पेग होतात. ‘माडी चालेल ना? ती तर झाडाची,’ असा प्रश्न मला आमच्या भागात नेहमी ऐकायला मिळतो. माडी आंबली की तिच्यातही मद्यार्कच असतो, आणि घरोघरीच्या माडीत तो किती, हे कोणी सांगू शकत नाही. शिवाय कोडीनचे मॉर्फिन किती वेगाने होईल हे प्रत्येकाच्या आनुवंशिक ठेवणीवर अवलंबून असते; काहींच्या शरीरात ते झपाट्याने होते, आणि ते आधी सहसा ओळखले जात नाही. म्हणूनच ‘इतके चालेल’ असा आकडा मी कोणालाही देत नाही. औषध चालू असेपर्यंत मद्य नाही, आणि शेवटच्या गोळीनंतरही निदान दोन दिवस नाही. मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा हळूहळू विरघळणारी, एसआर लिहिलेली गोळी असेल, तर ही मुदत डॉक्टरांनी ठरवावी.

येथे एक अपवाद काळजीपूर्वक वाचावा. जो माणूस रोज भरपूर पितो, त्याची दारू घरच्यांनी एका रात्रीत बंद करू नये. मद्य अचानक तुटले की त्याला झटके येऊ शकतात, आणि ट्रामाडॉलमुळेही स्वतंत्रपणे झटक्यांची शक्यता वाढते. अशा माणसाला ट्रामाडॉल देणेच मुळात योग्य नव्हे. तो किती पितो हे पहिल्याच भेटीत सांगितले, तर दुखण्यासाठी दुसरा मार्ग काढता येतो. सुनेसमोर किंवा नातवासमोर हे सांगण्याचा संकोच वाटतो, हे मी जाणतो. दोन मिनिटे एकट्याशी बोलायचे आहे, असे डॉक्टरांना सांगावे. कोणीही डॉक्टर नाही म्हणणार नाही.

समजा, आज मद्य घेऊन झालेले आहे आणि गोळीची वेळ झाली. त्या रात्रीची ट्रामाडॉलची गोळी गाळावी, आणि सकाळी तिची भरपाई म्हणून दोन घेऊ नयेत. कित्येक आठवडे हे औषध चालू असेल तर गोळी गाळण्यापूर्वी डॉक्टरांना फोन करावा.

दोन्ही पोटात गेलेली असतील तर त्या रात्री त्यांना एकटे झोपू देऊ नये. कुशीवर झोपवावे आणि पहिले तीन-चार तास मधून मधून पाहावे. श्वास मोजताना घड्याळ लावून पुरे एक मिनिट मोजावे. मिनिटाला दहापेक्षा कमी श्वास, दहा सेकंदांहून लांब थांबे, घशातून गुडगुड केल्यासारखे अनोळखी घोरणे, निळसर ओठ, टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक झालेल्या बाहुल्या, यांतील काहीही दिसले तर खांदा हलवून मोठ्याने हाक मारावी. नुसते ‘हूं’ केले म्हणजे जाग आली असे समजू नये. आपले नाव आणि आपण कोठे आहोत हे त्यांना सांगता आले पाहिजे. करोनाच्या साथीपासून बोटाला लावायचे ऑक्सिमीटर बहुतेक घरांत आहे, परंतु त्याच्या आकड्यावर विसंबू नये. कर्बवायू साठू लागल्यावरही प्राणवायूचा आकडा काही काळ चांगलाच दिसतो, आणि घरी प्राणवायू लावलेला असेल तर तो अधिकच फसवतो.

नीट जाग येत नसेल तर 108 ला फोन करावा. कॉफी, लिंबूपाणी, तोंडात बोटे घालून उलटी काढणे, डोक्यावर पाणी ओतणे, यांतले काही करू नये. अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या फुप्फुसात ते जाते. ‘सकाळपर्यंत उतरेल’ म्हणून वाट पाहणे तर सर्वांत घातक. वडखळहून पेणला किंवा अलिबागला जाताना नाक्यावरच्या कोंडीत किती वेळ मोडतो हे आपण सारे जाणतोच, म्हणून निघण्याचा निर्णय लवकर घ्यावा. श्वास थांबलाच तर पाठीवर निजवून छाती दाबण्यास सुरुवात करावी आणि फोनवरील माणूस सांगेल तसे करीत राहावे.

बरोबर गोळ्यांची पट्टी न्यावी. कापून आणलेल्या अर्ध्या पट्टीवर नाव नसते, म्हणून मूळ चिठ्ठीही न्यावी. मद्य किती आणि केव्हा घेतले, हे रुग्णालयात न लपवता सांगावे. तेथे नॅलोक्सोन नावाचे इंजेक्शन देता येते. ते अफूवर्गीय औषधाचा अंमल उतरवते. मद्याचा उतरवत नाही, आणि ट्रामाडॉलचाही अर्धवटच उतरवते. त्याचा परिणाम मूळ औषधाच्या आधी ओसरतो, त्यामुळे आजोबा उठून बोलू लागले, चहा मागू लागले, तरी काही तासांनी पुन्हा गुंगीत जाऊ शकतात. डॉक्टर रात्रभर ठेवून घ्या म्हणाले, तर सही करून घरी आणू नये.