काचेत आलेला गुण

‘इन व्हिट्रो’ हे लॅटिन शब्द. त्यांचा अर्थ ‘काचेत’. ‘इन व्हिवो’ म्हणजे ‘जिवंत शरीरात’. शोधनिबंधात पहिला शब्द आला, की प्रयोग शरीराबाहेर झाला असे समजायचे. पेशी, जंतू किंवा एखादे एन्झाइम वेगळे काढून भांड्यात ठेवले आणि त्यावर औषध घातले. दुसरा शब्द आला, की औषध एखाद्या जिवंत प्राण्याच्या पोटात किंवा शिरेत गेले. काच आता नावापुरतीच उरली आहे. बहुतेक प्रयोगशाळांत 96 खळग्यांची प्लास्टिकची पट्टी असते आणि एका खळग्यात पाव मिलिलिटरसुद्धा द्रव नसतो. ‘आयव्हीएफ’ या लघुरूपातला ‘व्ही’ हाच. मुंबईच्या केईएम रुग्णालयात 1986 साली जन्मलेल्या मुलीला वर्तमानपत्रांनी टेस्ट ट्यूब बेबी म्हटले, तरी काचेत झाले होते ते फक्त फलन. पुढचे नऊ महिने सारे आईच्या पोटात, म्हणजे इन व्हिवोच.

औषधाच्या काउंटरवर बसणाऱ्याला हे शब्द रोज लागत नाहीत. पण कंपनीचा प्रतिनिधी गुळगुळीत कागदावरचा आलेख पुढे ठेवतो किंवा गिऱ्हाईक मोबाइलवरची बातमी दाखवून गोळी मागते, तेव्हा त्या आलेखाखाली यांपैकी कोणता शब्द आहे यावर बरेच ठरते. आयव्हरमेक्टिनचे उदाहरण अजून विसरण्याइतके जुने झालेले नाही.

एप्रिल 2020 मध्ये मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातील आणि डोहर्टी संस्थेतील संशोधकांचा एक छोटा निबंध ‘अँटिव्हायरल रिसर्च’ या नियतकालिकात आला. आयव्हरमेक्टिन करोना विषाणूची वाढ रोखते, असे त्याचे शीर्षक सांगत होते, आणि त्या शीर्षकाचे शेवटचे दोन शब्द होते ‘इन व्हिट्रो’. प्रयोग साधा होता. पेशींना दोन तास विषाणूची लागण होऊ दिली, मग माध्यमात 5 मायक्रोमोलर इतके आयव्हरमेक्टिन घातले आणि पुढचे तीन दिवस विषाणूचा आरएनए मोजला. औषध न घातलेल्या पेशींच्या तुलनेत 48 तासांनी तो सुमारे 5000 पटींनी कमी भरला. बातम्यांत हा 5000 चा आकडा गेला, शीर्षकातले शेवटचे दोन शब्द मात्र गळाले.

प्रयोगात चूक नव्हती. भांड्यात जे घडले ते खरेच घडले. प्रश्न एवढाच, की ‘5 मायक्रोमोलर’ म्हणजे किती आणि तेवढे औषध माणसाच्या रक्तात पोचते का. याचे उत्तर कागद-पेन्सिलीने निघते. आयव्हरमेक्टिनचा रेणुभार सुमारे 875. त्यामुळे 1 मायक्रोमोलर म्हणजे दर मिलिलिटरला 875 नॅनोग्रॅम, आणि 5 मायक्रोमोलर म्हणजे सुमारे 4400 नॅनोग्रॅम. त्याच निबंधात विषाणूची वाढ निम्म्यावर आणणारे प्रमाणही दिले आहे. ते 2 मायक्रोमोलरच्या थोडे वर होते. सोयीसाठी 2 धरले तरी 1750 नॅनोग्रॅम होतात.

आता रक्ताकडे यावे. प्रौढ माणसाने 12 मिलिग्रॅमची गोळी घेतली, तर रक्तद्रवातली आयव्हरमेक्टिनची सर्वांत वरची पातळी साधारण 47 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर इतकी जाते आणि तिथून उतरू लागते. 1750 ला 47 ने भागले, तर 37 येतात. वाढ निम्मी करण्यासाठी लागणारी पातळी गाठायला एका वेळी 37 गोळ्या हव्यात, तेही मात्रेच्या प्रमाणात पातळी चढत जाते असे धरून. बातमीतल्या 5000 पट परिणामासाठी हाच हिशेब 90 च्या पुढे जातो. निरोगी स्वयंसेवकांना नेहमीच्या दहापट, म्हणजे 120 मिलिग्रॅमपर्यंत औषध देऊन पाहिल्याचा जुना अभ्यास उपलब्ध होता. त्यात सर्वोच्च पातळी 250 नॅनोग्रॅमच्या आसपास आली. तीही निम्म्या परिणामाच्या पातळीच्या सातव्या हिश्शाएवढीच.

शिवाय रक्तातले सगळे औषध कामाचे नसते. आयव्हरमेक्टिनचा सुमारे 93 टक्के भाग रक्तातल्या प्रथिनांना चिकटून राहतो, आणि पेशीत शिरतो तो मोकळा उरलेला भाग. पेशी वाढवण्याच्या माध्यमात प्रथिने रक्ताच्या मानाने फार थोडी असतात, म्हणून तिथे मोकळे औषध जास्त मिळते. भांड्याला यकृतही नसते. एकदा घातलेले औषध तीन दिवस तिथेच पेशींना वेढून राहते. शरीरात मात्र यकृत लगेच त्याचे विघटन करू लागते आणि आतड्यावाटे ते बाहेर काढू लागते.

हेच औषध खरजेवर आणि हत्तीरोगाच्या जंतांवर गुण देते, मग तिथे 12 मिलिग्रॅम कसे पुरतात? कारण तिथले लक्ष्य वेगळे आहे. किड्यांच्या मज्जापेशींत ग्लुटामेटने उघडणाऱ्या क्लोराइडच्या वाहिन्या असतात. आयव्हरमेक्टिन अत्यल्प प्रमाणात त्यांना उघडे ठेवते आणि किडा लुळा पडतो. माणसात अशा वाहिन्या नाहीत, आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांतली संरक्षक यंत्रणा औषधाला आत शिरू देत नाही. म्हणून नेहमीची मात्रा माणसाला सोसते. 37 पट मात्रेला तोच भरवसा लागू होत नाही. ‘औषध जुने आहे, सुरक्षित आहे’ हे वाक्य एका ठरावीक मात्रेपुरते खरे असते, आणि काउंटरवर नेमका तेवढाच भाग बोलायचा राहून जातो.

पुढे काय झाले ते नोंदलेले आहे. 10 मे 2021 रोजी गोवा सरकारने 18 वर्षांवरील सर्वांना प्रतिबंधक म्हणून रोज 12 मिलिग्रॅम आयव्हरमेक्टिन पाच दिवस देण्याची घोषणा केली. चाचणीबाहेर हे औषध करोनासाठी वापरू नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला त्याआधीच, मार्चअखेर आला होता. या घोषणेमागे एकटा मेलबर्नचा निबंध होता असे म्हणता येणार नाही. दरम्यान माणसांवरच्या काही लहान आणि सदोष चाचण्यांचे निष्कर्षही फिरत होते. पण या औषधाकडे जगाचे लक्ष वळवले ते 5000 च्या आकड्याने. ब्राझीलमधली मोठी चाचणी मार्च 2022 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात 1358 रुग्ण होते. निम्म्यांना वजनाच्या दर किलोला 400 मायक्रोग्रॅम या प्रमाणात तीन दिवस औषध दिले, निम्म्यांना नुसती दिखाऊ गोळी. रुग्णालयात भरती होण्याची किंवा तातडीच्या विभागात बराच वेळ थांबावे लागण्याची वेळ पहिल्या गटात 100 जणांवर आली, दुसऱ्यात 111 जणांवर. एवढा फरक योगायोगानेही पडतो.

मात्रेचा हिशेब जमला, तरी काचेतला गुण अंगी लागेलच असे नाही. क्लोरोक्विनचे तसे झाले. फेब्रुवारी 2020 मध्ये त्याची विषाणू रोखण्याची पातळी 1 मायक्रोमोलरच्या थोडी वर निघाली; ती शरीरात गाठण्याजोगी मानली गेली. मार्चमध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी त्याचे भावंड हायड्रॉक्सिक्लोरोक्विन प्रतिबंधक म्हणून सुचवले. घोटाळा पेशींत होता. दोन्ही औषधांच्या या पहिल्या प्रयोगांत वापरलेल्या पेशी ‘व्हेरो’ कुळातल्या. ही वंशावळ 1962 साली जपानमध्ये आफ्रिकी हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडापासून तयार झाली. या पेशींना इंटरफेरॉन बनवता येत नाही, त्यामुळे विषाणू त्यांच्यात बिनबोभाट वाढतो, आणि विषाणूशास्त्रज्ञांना त्या आवडतात त्या याचसाठी.

विषाणूला पेशीत शिरायला दोन वाटा आहेत. व्हेरो पेशीत तो एका आम्लधर्मी पिशवीतून आत जातो. क्लोरोक्विन त्या पिशवीतले आम्ल कमी करते, म्हणजे ती वाट अडवते. माणसाच्या श्वसनमार्गातल्या पेशींवर मात्र एक खास एन्झाइम असते. ते विषाणूचा काटा बाहेरच कापून देते आणि विषाणू पिशवीची वाट न धरता थेट आत घुसतो. जुलै 2020 मध्ये जर्मन संशोधकांनी हाच प्रयोग माणसाच्या फुप्फुसातल्या ‘कालू-3’ पेशींवर केला, तेव्हा क्लोरोक्विनने विषाणू अडला नाही. प्रयोग तोही इन व्हिट्रोच होता, पण योग्य पेशींवरचा. म्हणजे इन व्हिट्रो हा शब्द काही शिवी नव्हे. कोणाच्या पेशी आणि कोणत्या अवयवाच्या, एवढे विचारले की तो पुष्कळ सांगतो.

उलट दिशेनेही फसगत होते. 1930 च्या दशकात जर्मनीत गेरहार्ट डोमाक यांनी प्रॉन्टोसिल हा तांबडा रंग जंतूंवर वापरून पाहिला. नळीत त्याने काहीच केले नाही. जंतुसंसर्ग झालेले उंदीर मात्र त्याने वाचवले. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत 1935 साली त्याचा उलगडा झाला: शरीर त्या रंगाचा रेणू तोडते आणि त्यातून सल्फानिलामाइड मोकळे होते. जंतूंना आवरणारे तेच. केवळ नळीवर विसंबले असते, तर सल्फा औषधांचा पहिला धागा तिथेच सुटला असता.

इन व्हिवो या शब्दालाही फार भुलू नये. शोधनिबंधात तो बहुधा उंदरासाठी येतो; माणसांवरच्या कामाला सहसा क्लिनिकल चाचणी म्हणतात. उंदराची मात्रा माणसाला सरळ लावता येत नाही. शरीराच्या पृष्ठफळाचा हिशेब धरून, दर किलोला दिलेल्या उंदराच्या मात्रेला साधारण 12 ने भागतात. ‘दर किलोला 100 मिलिग्रॅम’ वाचले, की माणसासाठी ते 8 मिलिग्रॅमच्या आसपास समजायचे, म्हणजे 60 किलोच्या माणसाला सुमारे 490 मिलिग्रॅम. हा पहिला अंदाज झाला; उंदराचे यकृत त्याच औषधाचे काही वेगळेच करत असेल, तर तोही चुकतो.

सारांशात दोन्हीपैकी कोणताही शब्द नसेल, तर ‘पद्धती’ हा भाग उघडावा. प्रमाण मायक्रोमोलरमध्ये किंवा दर मिलिलिटरला मायक्रोग्रॅममध्ये दिलेले असेल, व्हेरो, हेला, कालू अशी पेशींची नावे असतील आणि ‘इतके तास उबवले’ असे लिहिले असेल, तर काम काचेतले आहे. मात्रा दर किलोला मिलिग्रॅममध्ये असेल आणि प्राणी नीतिसमितीच्या परवानगीचा उल्लेख असेल, तर ते प्राण्यातले. रुग्णांची लेखी संमती आणि चाचणीचा नोंदणी क्रमांक दिसला, तर माणसांवरचे. कंपनीच्या आलेखात बहुधा आडव्या अक्षावरचे एककच बारीक छापलेले असते. तिथे मायक्रोमोलर असेल, तर प्रतिनिधीकडे एकच आकडा मागावा: नेहमीची गोळी घेतल्यावर रक्तातली सर्वोच्च पातळी किती? औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकात तो बहुधा छापलेला असतो, आणि रेणुभार ठाऊक असला की भागाकार काउंटरवरच्या कॅल्क्युलेटरवरही होतो.