भिजलेल्या पेन ड्राइव्हमधील खतावणी

ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगलीतील एका हळद व्यापाऱ्याच्या पेढीत पाणी शिरले. ते ओसरल्यावर टेबलाच्या खणातून चिखलाने माखलेले दोन पेन ड्राइव्ह निघाले. संगणक पूर्ण बुडाला होता. कोणाकडे किती येणे आहे, हे सांगणाऱ्या टॅलीच्या बॅकअप फाइली आता या दोहोंतच उरल्या होत्या. एकात जुलैअखेरची, दुसऱ्यात जूनअखेरची. पुतण्याने जुलैचा ड्राइव्ह पुसला, रात्रभर तांदळाच्या डब्यात ठेवला आणि सकाळी लॅपटॉपला लावला. क्षणभर दिवा लागला, ड्राइव्ह चटका बसण्याइतका तापला आणि पुन्हा कधी जागा झाला नाही.

पेन ड्राइव्हमधील माहिती पाण्याने पुसली जात नाही. ती मेमरी चिपच्या आत विद्युतभाराच्या रूपाने साठलेली असते आणि चिप काळ्या राळेत बंदिस्त असते. घात होतो तो पाणी आणि वीज एकत्र आल्यावर. यूएसबीतून 5 व्होल्टचा प्रवाह येतो. ओल्या, क्षारयुक्त चिखलातून तो नको तिथे वाहतो, सूक्ष्म तारा खातो आणि कंट्रोलर जाळतो. तांदूळ बाहेरचा ओलावा थोडाफार शोषत असेल. क्षार आणि गाळ मात्र तो काढत नाही, उलट पिठूळ धूळ खाचांत भरतो.

दुसरा ड्राइव्ह वाचला, कारण पेढीच्या जुन्या मुनीमजींनी तो कोणाच्याही हाती दिला नाही. तोवर त्यावरील चिखल ओला होता, हेही सुदैवच. वाळलेला गाळ धातूला चिकटतो आणि गंज आतल्या आत चालू राहतो. दुरुस्ती करणाऱ्या कारागिराने प्लॅस्टिकचे कवच हलकेच उकलले आणि आतील पट्टी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्यात बुडवून पाणी स्वच्छ येईपर्यंत बदलले. नळाचे पाणी त्याने वापरले नाही, कारण ते वाळताना स्वतःचे क्षार मागे ठेवते. त्यानंतर 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ टूथब्रशने चिपच्या पायांभोवतीचा मळ निघाला. हातांना लावायचे सॅनिटायझर येथे चालत नाही. त्यात पाणी आणि बहुधा ग्लिसरीनही असते.

यूएसबीच्या टोकावरील सोनेरी पट्ट्यांवर हिरवट पूड जमली होती. तांब्याला गंज लागल्याची ती खूण. पांढऱ्या खोडरबराने दोन-तीन वेळा हलका हात फिरवून, कण ब्रशने झाडून, पुन्हा अल्कोहोलने पुसल्यावर पट्ट्या उजळल्या. सॅंडपेपर घासला असता तर सोन्याचा अतिशय पातळ थरच गेला असता. मग पट्टी पंख्याखाली दोन दिवस सुकली; केस वाळवण्याचे यंत्र नाही, भर उन्हाचा तावही नाही.

जोडणीसाठी एक जुना संगणक निवडला गेला. ड्राइव्ह लावल्यावर बोट ठेवून तो तापतो का हे पाहिले, आणि योग्य क्षमता दिसताच TBK900.001 ही फाइल आधी संगणकावर उतरवून घेतली. ती उघडून पाहण्याचा मोह नंतरचा, कारण असा ड्राइव्ह दुसऱ्यांदा चालेलच असे नसते. बॅकअप रिकाम्या फोल्डरमध्ये पूर्ववत केला. जुन्या हिशेबाच्या फोल्डरवरच तो केला असता तर तेथे जे असेल ते पुसले गेले असते. जूनअखेरची खतावणी जशीच्या तशी मिळाली.

संगणक ‘फॉरमॅट करा’ असे विचारू लागला, तर नकार द्यावा. तेव्हा माहिती बहुधा चिपमध्ये असते आणि संपूर्ण ड्राइव्हची प्रत काढून त्या प्रतीवर रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवता येते. क्षमता शून्य किंवा No Media दिसले, तर कंट्रोलर जिवंत आहे, पण मेमरीपर्यंत पोहोचत नाही. काहीच दिसले नाही, तर बिघाड वीजमार्गात किंवा कंट्रोलरमध्ये असतो. या दोन्ही अवस्थांत कोणतेही सॉफ्टवेअर निरुपयोगी ठरते. कॅमेऱ्याच्या मायक्रो एसडी कार्डाची गोष्ट जरा वेगळी. ते एकाच राळेच्या तुकड्यात घडवलेले असल्याने पाणी आत सहसा जात नाही. तेथे धुणे, संपर्कपट्ट्या पुसणे आणि सुकवणे एवढ्यानेच बहुधा भागते.

जुलैचा ड्राइव्ह प्रयोगशाळेत गेला. तेथे मेमरी चिप सोडवून थेट वाचता येते. मात्र कंट्रोलर माहिती विखरून आणि संकेतबद्ध करून लिहितो, म्हणून ती पुन्हा जुळवावी लागते, आणि चिपलाच तडा असेल तर काहीच निघत नाही. खर्चाचा आकडा ऐकून व्यापाऱ्याने हिशेब मांडला. जुलैची विक्री बिलांच्या भिजलेल्या पण वाचता येणाऱ्या कार्बनप्रतींवरून, बँकेच्या उताऱ्यावरून आणि समोरच्या पेढ्यांकडील खातेउताऱ्यांवरून पुन्हा लिहिता येत होती. प्रयोगशाळेला त्यांनी नकार कळवला. पुतण्या त्या नोंदी करायला बसला. त्याला तीन आठवडे लागले आणि दोन किरकोळ खाती शेवटपर्यंत जुळली नाहीत.